पावले, बरे वाटले

१९८२ सालची गोष्ट. ऑक्टोबर संपत आला होता. वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचे अब्बा अडत दुकानात दिवाणजी होते. कापसाची खरेदी दहा वर्षांपूर्वीच सरकारच्या एकाधिकार योजनेत गेली होती, त्यामुळे सेठजींच्या गादीवर आता तूर, ज्वारी आणि जवस एवढाच माल येई. पण गिऱ्हाइके जुनी. त्यांतले एक थोर गिऱ्हाईक म्हणजे बाजूच्या खेड्यातले पूर्वीचे मालगुजार. मालगुजारी १९५१ साली गेली, वाडा आणि रुबाब तेवढा उरला होता. त्यांचे एक कार्ड त्या दिवशी अब्बांच्या नावाने आले. मी सहावीत होतो. टपाल वाचून दाखवण्याचे काम माझे. कार्डावर एकच ओळ होती. ‘दिवाणजींना व परिवारास मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा.’

मी खो खो हसलो. मोहरमच्या शुभेच्छा! इमाम हुसेन करबलाच्या मैदानात शहीद झाले तो हा महिना. हिजरी सन ६१, म्हणजे इसवी ६८०, मोहरमची दहावी तारीख. आमच्या घरी त्या दिवसांत लग्नाचे बोलणे काढत नसत, नवे कपडे शिवत नसत. आणि हे आमचे मालगुजार शुभेच्छा देतात! अब्बा हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, कार्ड उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, ‘उत्तर आजच गेले पाहिजे. पण काय लिहायचे, ते बघू.’

ते ‘बघू’ रात्री दहापर्यंत चालले. पंधरा पैशांचे एक कार्ड त्यात वाया गेले, आणि वाया गेलेल्या कार्डाचे आमच्या घरी दुःख होत असे. त्या कार्डावर शेवटी काय लिहिले गेले ते सांगायचेच आहे. पण त्याआधी एक मागची वाट चालून यावी लागेल. मोठ्या माणसाने सणावारी आठवण काढली तर त्याला चार ओळींत उत्तर कसे द्यावे, हे अब्बांना शाळेने शिकवले नव्हते. ते त्यांना गादीवरच्या म्हाताऱ्या मुनिमाने शिकवले. मुनिमाला त्याच्या आधीच्या मुनिमाने. ही माळ मागे मागे मोडी दप्तरांपर्यंत जाते.

पेशवाईतली पत्रे ज्यांनी चाळली असतील त्यांना संक्रांतीची पत्रे ठाऊक असतील. लढाईच्या, वसुलीच्या, रुसव्याफुगव्याच्या कागदांत मधूनच एक छोटे पत्र लागते, की मकरसंक्रमणाचे तीळ शर्करायुक्त पाठविले आहेत, स्वीकारावे. पत्राबरोबर खरोखरच तीळ जात. आणि मग त्याचे उत्तर येई, की तीळ पावले, संतोष जाहला. पुणे, सातारा, आमचे नागपूरकर भोसले, सगळीकडच्या मराठी कारकुनांची ही एकच रीत होती. आजचा वर्धा जिल्हा तेव्हा नागपूरकरांच्या राज्यात होता. तिसरे रघूजीराजे १८५३ च्या डिसेंबरात वारले, पाठोपाठ राज्य खालसा झाले आणि १८६२ साली नागपुरातून वर्धा जिल्हा वेगळा काढला गेला. राज्य गेले तरी कारकुनांच्या हाताचे वळण गेले नाही. ते दुकानांच्या गाद्यांवर येऊन बसले.

त्या उत्तराची घडण जरा नीट पाहण्याजोगी आहे. खरे कागद दप्तरांत आहेतच. मी त्यांच्या वळणावर एक नमुना स्वतः बांधून दाखवतो. समजा, एका शिलेदाराला त्याच्या सरदाराकडून तीळ आले. तो लिहील, ‘विनंती सेवक अमुक कृतानेक साष्टांग नमस्कार. येथील कुशल स्वामींचे कृपेकरून यथास्थित असे. विशेष. स्वामींनी कृपा करून संक्रमणाचे तीळ शर्करायुक्त पाठविले ते पावले. शिरसा वंदून घेतले. परम समाधान जाहले. येथून तीळ सेवेसी पाठविले आहेत, स्वीकारिले पाहिजेत. बहुत काय लिहिणे, लोभ असो दिजे हे विनंती.’ संपले पत्र.

यात पहिले काम पोच देण्याचे आहे. काय पाठवले होते ते नाव घेऊन सांगायचे आणि ते हाती आले म्हणायचे. घोडेस्वार जासूद मध्ये लुटला गेला, नदीला पूर आला, की पत्रे गहाळ होत. त्यामुळे ‘पावले’ हा शब्द त्या काळी नुसता शिष्टाचार नव्हता, ती बातमी होती. पण ती बातमी देताना ‘आपले पत्र पावले’ एवढ्यावर कारकून थांबत नाही. ‘संक्रमणाचे तीळ’ असे म्हणतो. पाठवणाऱ्याचाच शब्द उचलून त्याच्या हातात परत ठेवतो. म्हणजे पत्र वाचले गेले, कुणा शागिर्दाने खुंटीला लावून ठेवले नाही, एवढे समोरच्याला कळते.

दुसरी गोष्ट मला फार मोलाची वाटते. शिलेदार सरदाराला ‘आपणांसही तसेच’ असे म्हणत नाही. वरून खाली येतो तो आशीर्वाद. खालून वर जातो तो नमस्कार. सरदाराने ‘तुमचे कल्याण असो’ म्हटले म्हणून शिलेदाराने तेच वाक्य उलटे फिरवले, तर तो आशीर्वाद देणारा होऊन बसेल. म्हणून तो आधी आलेले घेतो, वंदून घेतो, आणि मग आपले तीळ वेगळ्या क्रियापदाने पाठवतो. ‘पाठविले आहेत, स्वीकारिले पाहिजेत.’ आजकाल ‘सेम टू यू’ म्हणून आपण जे मोकळे होतो, त्यात हीच गल्लत होते. तिथे घेणे होतच नाही. चेंडू भिंतीवर आपटून परत यावा तशी शुभेच्छा परत जाते.

आणि तिसरी गोष्ट, जी लिहिलेली नाही. या पत्रात कामाचे काही नाही. शिलेदाराचा तीन महिन्यांचा पगार थकला असेल, घोडा मेला असेल, तरी ते इथे नाही. असले काही सांगायचे तर त्यासाठी पुरवणी असे, म्हणजे वेगळा कागद. तिळाच्या पत्रात देण्याघेण्याचा विषय आला की तीळ हे निमित्त ठरले, आणि सरदार काही दुधखुळा नसतो.

एक गंमत सांगतो. या पत्रांवर तारीख कशी घालत? ‘छ’ हे अक्षर काढून पुढे मुसलमानी महिन्याचा चंद्र लिहीत. छ ५ रजब, छ १२ रमजान अशी. मराठी दप्तराची ती नेहमीची रीत होती, त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे. चांद्रवर्ष दरसाल अकराएक दिवसांनी मागे सरकते, त्यामुळे संक्रांत कधी या महिन्यात पडे, कधी त्या. मी एकदा कुतूहलाने हिशोब करून पाहिला. १७८० सालची संक्रांत मोहरमच्या पहिल्या आठवड्यात आली होती. म्हणजे त्या वर्षी तीळ पावल्याची जी उत्तरे गेली असतील, त्यांच्या तारखेत मोहरम लिहिला गेला असणार. तीळगूळ आणि मोहरम एकाच कागदावर. अब्बांना हे मला सांगता आले नाही, मला ते पुष्कळ उशिरा समजले.

आता गादीवर येऊ. इंग्रजी अमलात टपाल आले, १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड आले, आणि तिळाच्या पत्राची जागा हळूहळू दिवाळीच्या कार्डाने घेतली. आमच्या भागात कापसाचा व्यापार मोठा. हिंगणघाटचा कापूस तर गावाच्याच नावाने विलायतेपर्यंत ओळखला जाई. जिथे व्यापार तिथे चिठ्ठीपत्री. लक्ष्मीपूजनाला चोपड्यांची पूजा झाली की दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकांची कार्डे येऊ लागत. कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटे लागलेली असत, कारण कोपरा फाटलेले कार्ड म्हणजे मरणाची खबर. टपालवाल्याच्या हातात कार्ड दिसले की बायका आधी कोपरे पाहत.

सेठजींच्या वतीने या कार्डांची उत्तरे अब्बा लिहीत. मुसलमान दिवाणजी दिवाळीची उत्तरे लिहितो, याचे गावात कुणाला नवल नव्हते. अक्षर चांगले होते, एवढे कारण पुरेसे होते. त्यांचे दंडक मुनिमाकडून आलेले, पण मी मघाशी सांगितलेल्या तिळाच्या पत्राशी ते शब्दशः जुळतात. उत्तर तीन दिवसांत जावे. पाडव्याच्या कार्डाचे उत्तर भाऊबीज उलटून चार दिवसांनी गेले, तर ते लिहिणाऱ्याच्या आळसाचे प्रमाणपत्र होते. गिऱ्हाइकाने जे लिहिले असेल त्यातला एक शब्द उचलावा. त्याने ‘यंदा पाऊस दगा देऊन गेला, तरी दिवाळी गोड मानतो’ असे लिहिले असेल, तर उत्तरात पावसाची आठवण हवी. आणि बाकीची आठवण मुळीच नको. हा दंडक मोडल्याचा एक प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला. दुकानातल्या एका उमेदवाराने दिवाळीच्या उत्तराखाली ‘मागील खात्यावरील रकमेचेही पाहावे’ असे जोडून दिले. ते गिऱ्हाईक रक्कम घेऊन तिसऱ्या दिवशी आले, सगळी मोजून दिली, आणि पुढच्या हंगामापासून त्यांची गाडी दुसऱ्या अडत्याच्या दारात सुटू लागली. वसुली झाली होती, तक्रारीला जागा नव्हती. सेठजी त्या उमेदवाराला रागावलेही नाहीत. फक्त पुन्हा त्याच्या हातात कार्ड दिले नाही.

सणाचे उत्तर किती आखूड होऊ शकते, याचा एक टोकाचा नमुना तारखात्याने करून ठेवला होता. शुभेच्छांच्या तारांसाठी ठरीव वाक्यांची यादी असे आणि प्रत्येक वाक्याला क्रमांक. पहिला दिवाळीचा, दुसरा ईद मुबारकचा. तार करणाऱ्याने नुसता क्रमांक लिहायचा, पलीकडचा तारबाबू सबंध वाक्य उतरवून चित्रांच्या कागदावर देणार. त्या यादीत उत्तराचेही वाक्य होते, की आपल्या शुभेच्छांबद्दल आभार, आम्हीही मनापासून त्या परत करतो. सोय मोठी होती. पण मोठ्या गिऱ्हाइकाला अब्बा उत्तराची तार कधी करू देत नसत. तारेत पाठवणाऱ्याचा शब्द उचलायला जागाच नव्हती. सगळ्या गिऱ्हाइकांना एकच वाक्य आणि तेही दुसऱ्याने लिहिलेले. २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाली तेव्हा मला पहिल्यांदा ती यादी आठवली. आज फोनवर आलेल्या चित्राला दुसरे तयार चित्र धाडून आपण जे उत्तर देतो, ते त्या क्रमांकाचेच नातवंड आहे.

वर्धा जिल्ह्यात राहून आखूड उत्तराची गोष्ट सांगायची आणि सेवाग्रामचे नाव घ्यायचे नाही, हे जमणार नाही. किंबहुना त्या गावाचे नावच टपालामुळे पडले आहे. गांधीजी १९३६ च्या एप्रिलअखेर तिथे राहायला गेले तेव्हा ते शेगाव होते. गजानन महाराजांचे शेगाव वऱ्हाडात. देशभरची पत्रे चुकून तिकडे जात. शेवटी १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम केले. एवढे टपाल ज्या माणसाला येई, तो उत्तरे कशावर देई? पाठकोऱ्या कागदांवर, आलेली पाकिटे उलटी करून त्यांवर आणि पोस्टकार्डांवर. कागद लहान, म्हणून मजकूर लहान, असे म्हणता येईल. पण त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या शंभर खंडांत ही दोन-चार ओळींची पत्रे वाचली, की कागदाचा दोष वाटत नाही. मायना नात्याप्रमाणे बदलतो. लहानांना चिरंजीव, बरोबरीच्यांना भाई. मग तुमचे पत्र मिळाले हे, मग त्या माणसापुरती एखादी ओळ, त्याच्या खोकल्याची, त्याच्या सुताची, त्याच्या रुसलेल्या भावाची. आणि खाली बापूंचे आशीर्वाद. इथे आशीर्वाद शोभतो, कारण तो वरून खाली येतो आहे.

पण बरोबरीच्या माणसाचा, त्यातही विरोधकाचा मायना काय लिहावा? हा प्रश्न त्यांना याच गावी पडला. १९४० च्या जानेवारीत त्यांनी बॅरिस्टर जिनांना पत्र लिहिले त्यात ‘कायदे आझम’ असे संबोधन घातले आणि हे संबोधन आपण का वापरतो आहोत, याचा खुलासाही केला. आश्रमातल्या अमतुस्सलामबहेन यांनी त्यांना सांगितले होते की लीगच्या मंडळींत जिनासाहेबांचा उल्लेख असाच होतो. त्या वेळी दोघांत सलोखा कुठला! काँग्रेसची मंत्रिमंडळे गेली म्हणून लीगने डिसेंबरात मुक्तिदिन पाळला होता, त्याला महिनासुद्धा झाला नव्हता. जिनांच्या उत्तरात राजकारणाचा कडक मजकूर पुष्कळ आहे. पण मायन्याच्या मुद्द्याला त्यांनी दोनच ओळी दिल्या. आपण माझ्या इच्छेची एवढी काळजी केलीत याबद्दल आभार, आणि उपाधीत काय आहे, गुलाबाला दुसरे नाव दिले तरी वास तोच, अशा अर्थाच्या. हे काही सणाचे पत्र नव्हे, हे मला मान्य आहे. पण पोच, आभार आणि पुढे एक हसरी ओळ, ही चाल तीच आहे. आणि ज्याच्याशी भांडण चालू आहे त्याने केलेल्या आदराची पोच भांडणात बुडवायची नाही, हे त्या दोन ओळींतून दिसते. शिलेदाराची पुरवणी इथे त्याच कागदावर आली, एवढाच फरक.

तर आता अब्बांच्या कार्डाकडे.

अब्बांपुढे अडचण होती ती अशी. मालगुजार वयाने वडील आणि दुकानाचे मोठे गिऱ्हाईक. त्यांना ‘मोहरमच्या शुभेच्छा देत नसतात’ असे कळवणे म्हणजे पंधरा पैशांत त्यांची शाळा घेणे. ‘आपणांसही मोहरमच्या शुभेच्छा’ असे लिहिणे म्हणजे आपल्याच घरच्या शोकाची थट्टा. उत्तरच न देणे सर्वांत सोपे, पण मोठ्या माणसाच्या कार्डाची पोच गेली नाही तर तो पुढच्या वेळी कार्ड लिहिताना हात आखडतो, आणि का आखडला हे दोघांनाही कधी कळत नाही.

आणखी एक गुंता होता. मालगुजारांच्या वाड्यात दर मोहरमला सवारी बसे. आमच्या विदर्भात हे काही नवे नाही. पुष्कळ हिंदू घरांत पिढ्यान्‌पिढ्या सवारीचा मान आहे, ताजियाला नवस बोलतात, लेकरांना फकीर करतात. मलिदा होतो, शरबत वाटतात, ढोल वाजतात. त्यांच्या लेखी मोहरम हा वर्षाचा एक मोठा उत्सव. तेव्हा ‘हार्दिक शुभेच्छा’ हे शब्द त्यांनी चुकून लिहिले, असे तरी कसे म्हणावे? त्यांच्या वाड्यातला मोहरम त्यांनी आम्हाला पाठवला होता.

म्हणून अब्बांनी आधी लिहिले, ‘वाड्यातील सवारीस आमचा सलाम.’ लिहून थांबले. अब्बा सवारी मानत नसत. मशिदीतले मौलवीसाहेब त्याविरुद्ध बोलत आणि अब्बांना ते पटे. गिऱ्हाईक खूश व्हावे म्हणून आपण न मानलेल्या गोष्टीला सलाम लिहायचा? ते कार्ड त्यांनी चुलीत घातले. अम्मी म्हणाल्या, ‘इतकं काय त्यात, लिहून टाका.’ अब्बा म्हणाले, ‘त्यांना खरं वाटेल, म्हणून नाही लिहायचं.’

दुसऱ्या कार्डावर जे लिहिले ते मला पाठ आहे, कारण टाकायला मीच गेलो आणि वाटेत तीनदा वाचले. ‘राजमान्य राजश्री दादासाहेब यांसी सलाम. आपले कार्ड पावले. मोहरमच्या दिवसांत आपण आमची आठवण ठेवलीत, घरी सर्वांना फार बरे वाटले. वाड्यात सवारी बसली असेलच, आपली धावपळ असेल, प्रकृतीस जपावे. वडीलधाऱ्यांस सलाम, मुलांस दुवा. कळावे, लोभ असावा.’

‘मोहरमच्या’ हा त्यांचाच शब्द उचलला होता. ‘शुभेच्छा’ तेवढा गाळला, त्याजागी ‘आठवण’ आली, आणि आठवण हा शब्द शोकालाही चालतो, सणालाही चालतो. सवारीचा उल्लेख आला, पण सलाम माणसांना गेला. तुरीच्या पोत्यांबद्दल एक अक्षर नव्हते, आणि हंगाम तोंडावर आला होता.

आपल्याला वाटेल की मालगुजारांना यातून काही उमगले असेल. छे! पुढच्या वर्षी पुन्हा कार्ड आले, ‘मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा’. त्याच्या पुढच्या वर्षीही. दर वर्षी अब्बा तेच उत्तर थोडे फिरवून लिहीत, कधी प्रकृतीऐवजी पावसाची ओळ, कधी त्यांच्या नातवाच्या परीक्षेची. मी कॉलेजात गेल्यावर एकदा चिडून म्हणालो, की आता तरी त्यांना सांगा. अब्बांनी मला विचारले, ‘ते भेटायला येतात तेव्हा तू त्यांना खुर्ची देतोस ना? ती कुठे ठेवायची हे त्यांना विचारतोस का?’ मला तेव्हा ते पटले नाही. अजूनही पुरते पटते असे नाही. कधी कधी सांगावेही, असे मला वाटते, पण समोर बसून, चहा घेताना. कार्डावर नाही.

ईदच्या शुभेच्छांना मात्र असा पेच नसतो. आमच्यात ‘ईद मुबारक’ म्हटले की ‘खैर मुबारक’ असे उत्तर आहे. हिंदू साहेबांनी किंवा वडीलधाऱ्यांनी ईद मुबारक म्हटले तर पुष्कळ मुसलमान पोरे ‘आपल्यालाही’ म्हणून टाकतात. ते काही पाप नव्हे. पण ईद त्यांच्या घरी नाही, हे दोघांनाही माहीत असते, त्यामुळे ते उत्तर पोकळ वाजते. मी नोकरीत असताना वरिष्ठांना लिहीत असे, ‘आपल्या शुभेच्छा पावल्या, आभारी आहे. शिरखुर्मा आपल्यासाठी ठेवला आहे.’ हा शिरखुर्मा म्हणजे माझे तीळ. एका वरिष्ठांनी तो खरेच मागवला, तेव्हा डबा घेऊन जावे लागले. तेव्हापासून घरात शिरखुर्मा उरला आहे की नाही, ते पाहून मगच लिहितो.

मालगुजार गेले त्या वर्षी त्यांच्या घरून कार्ड आले. कोपरा फाडलेले. अब्बांनी त्याचे उत्तर स्वतः नेऊन दिले, टपालात टाकले नाही. आता अब्बाही नाहीत. वाडा अर्धा विकला गेला, सवारी मात्र बसते. मालगुजारांचे नातू शहरात असतात, जमिनीचे कागद, वाटण्या यांसाठी कधीमधी मला फोन करतात. यंदाच्या मोहरमला त्यांचा संदेश आला. गुलाबाची फुले, चंद्र, चांदण्या आणि खाली ‘हॅपी मोहरम काका’.

ते माझ्याहून लहान, म्हणून मायना बदलला. बाकी मी फारसे काही बदलले नाही. ‘बाळासाहेब, तुमचा निरोप पावला. मोहरमला तुमच्या आजोबांचे कार्ड येत असे, त्याची आठवण झाली. फार बरे वाटले. घरी सर्वांना सलाम, मुलांना दुवा.’

पाच मिनिटांत उत्तर आले. ‘आजोबा काय लिहायचे कार्डात?’